न वापरलेलं परतीचं तिकीट

प्रति,
मा. केंद्रीय महिला व बालविकास मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सन्माननीय मंत्रीमहोदया,

मी भिलाईत राहते आणि दुर्गच्या कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. आमचं हे गाव पोलाद कारखान्याभोवती वसलेलं. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली आणि विदर्भ, आंध्र, बंगाल, केरळ अशा चारी दिशांनी माणसं इथे कामाला आली. माझे सासरे गोंदियाहून आले. त्या पिढीने पाळीच्या भोंग्यावर दिवस काढून मुलांना इंजिनिअर केलं, आणि त्या इंजिनिअरांतले कितीतरी आज अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, कॅनडात आहेत. जून उजाडला की टाउनशिपमधल्या क्वार्टरांत नातवंडांचे आवाज ऐकू येतात. त्यांची परतीची तिकिटं बहुतेक ऑगस्टची असतात, कारण तिथल्या शाळा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उघडतात.

कधी कधी त्यातलं एखादं तिकीट वापरलंच जात नाही. लेक आईजवळ सांगते, मी आता परत जाणार नाही. मूल सेक्टरातल्या शाळेत घातलं जातं. तिकडे समुद्रापार बाप फोन लावत राहतो, तो उचलला जात नाही, मग वकिलाची नोटीस येते. कधी याच्या उलट घडतं. बाप पंधरा दिवसांसाठी मुलाला फिरायला घेऊन जातो आणि महिन्याभराने आईला निरोप येतो की मूल आता इथेच राहील. हे पत्र मी या दोन्ही घरांसाठी लिहिते आहे. या विषयावरची आपल्या देशातली चर्चा पहिल्याच घराभोवती फिरते. दुसऱ्या घराला त्यात जागा मिळत नाही.

विषय २५ ऑक्टोबर १९८०च्या हेग कराराचा आहे. एका पालकाने मुलाला बेकायदा देशाबाहेर नेलं किंवा बाहेर अडकवून ठेवलं, तर त्याला परत आणण्याची व्यवस्था या करारात आहे. तो डिसेंबर १९८३ पासून लागू आहे आणि शंभराहून अधिक देश त्यात आले आहेत. श्रीलंका आहे, जपान आहे, पाकिस्तानही आहे. भारत नाही. विधी आयोगाने मार्च २००९ मध्ये आपल्या २१८व्या अहवालात करारात सामील व्हा, असा सल्ला दिला. २०१६ मध्ये आपल्याच मंत्रालयाने विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला आणि त्याच वर्षी विधी आयोगाचा २६३वा अहवाल आला. पुढे न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या समितीने एप्रिल २०१८ मध्ये आपला अहवाल दिला. त्यानंतर कायदा झालेला नाही.

माझ्याकडे येणारे पालक, आणि कित्येक वकीलसुद्धा, हा करार मुलाचा ताबा ठरवतो असं समजतात. तो ताबा ठरवत नाही. कराराच्या १६व्या कलमाने तसं करायला मनाईच केली आहे. परत पाठवण्याचा निकाल होईपर्यंत जिथे मूल आहे तिथल्या न्यायालयाने ताब्याच्या गुणदोषात शिरायचंच नाही. त्याला पाहायचं ते एवढंच: मूल सोळा वर्षांच्या आतलं आहे ना? नेण्याच्या किंवा अडकवण्याच्या लगेच आधी त्याचं नेहमीचं राहणं कोणत्या देशात होतं? त्या देशाच्या कायद्याने मागे राहिलेल्या पालकाला ताब्याचा हक्क होता का, आणि तो हक्क तो खरोखर बजावत होता का? या प्रश्नांची उत्तरं अर्जदाराच्या बाजूने आली आणि अर्ज एक वर्षाच्या आत आलेला असला, की मोजके अपवाद सोडता मूल त्या देशात परत जातं.

‘त्या देशात’ या शब्दांवर मी भर देते. मूल परत जातं ते देशात, बापाच्या किंवा आईच्या हाती दिलं जात नाही. घेऊन आलेली आई त्याच्याबरोबर जाऊ शकते, त्याच्याबरोबर राहू शकते, आणि पुढे तिथल्या न्यायालयात ताबा जिंकूही शकते. शाळेचे शिक्षक, डॉक्टर, शेजारी, पोलिसांचे कागद हे सगळे जिथे आहेत तिथल्या न्यायाधीशाने ताब्याचा निर्णय करावा, एवढाच कराराचा आग्रह आहे.

ताब्याच्या हक्काची व्याख्याही इथे रुंद आहे. मुलाने कुठे राहायचं हे ठरवण्याचा हक्क करारात ताब्यातच धरला जातो. त्यामुळे मूल रोज आईकडे राहत असलं, पण बापाच्या संमतीवाचून त्याला देशाबाहेर नेता येणार नाही अशी अट असली, तरी तेवढ्यावर बापाला परतीचा अर्ज करता येतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ॲबट खटल्यात हेच म्हटलं. सुरुवातीला सांगितलेल्या भिलाईच्या उदाहरणात, आई सुट्टीसाठी आली तेव्हा बापाची संमती होती, म्हणजे ‘नेणं’ बेकायदा नव्हतं. पण ऑगस्टचं तिकीट उलटून गेलं की ‘अडकवून ठेवणं’ सुरू होतं, आणि वर्षाची मुदत त्या दिवसापासून मोजली जाते. त्याआधीच आईने परत न येण्याचा ठाम निर्णय कळवला असेल, तर मुदत त्या दिवसापासून धरायची की तिकिटाच्या तारखेपासून, यावर परदेशातल्या न्यायालयांत पुष्कळ वाद झाले आहेत. म्हणून पहिला मेसेज, पहिला ईमेल आणि तिकिटाची प्रत जपून ठेवा, असं मी प्रत्येक पालकाला सांगते.

अर्ज करायला पालकाला परदेशात वकील शोधावा लागत नाही. प्रत्येक देशाने एक केंद्रीय प्राधिकरण नेमायचं असतं. आपल्या देशातल्या प्राधिकरणाकडे अर्ज द्यायचा, ते तो दुसऱ्या देशातल्या प्राधिकरणाकडे पाठवतं. तिथलं प्राधिकरण मूल कुठे आहे ते शोधतं, आपखुशीने परत पाठवण्यासाठी बोलणी करतं, आणि बोलणी फसली तर प्रकरण न्यायालयात उभं राहील अशी व्यवस्था करतं. निकाल सहा आठवड्यांत व्हावा अशी अपेक्षा आहे. न झाल्यास उशिराचं कारण मागता येतं. व्यवहारात बहुतेक देशांना यापेक्षा जास्त वेळ लागतो, पण वेळ महिन्यांत मोजला जातो.

आता आपल्याकडे काय घडतं ते पुण्याच्या एका जुन्या खटल्यावरून सांगते. कायद्याच्या पुस्तकांत तो ‘एलिझाबेथ दिनशॉ विरुद्ध अरवंद दिनशॉ’ या नावाने आहे. आई अमेरिकन, बाप शिकायला मिशिगनला गेलेला भारतीय. १९७२ मध्ये लग्न, १९७८ मध्ये मुलगा, १९८२ मध्ये मिशिगनच्या न्यायालयातून घटस्फोट. ताबा आईला आणि बापाला शनिवार-रविवारी भेटीचा हक्क. जानेवारी १९८६ मध्ये अशाच एका भेटीच्या वेळी बाप मुलाला घेऊन निघाला आणि थेट पुण्याला आई-वडिलांकडे आला. आईला खबर नाही, न्यायालयाची परवानगी नाही. तिकडे त्याच्या अटकेचं वॉरंट निघालं. आईने घटनेच्या ३२व्या कलमाखाली थेट सर्वोच्च न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाची याचिका केली. न्यायमूर्तींनी मुलाशी स्वतः बोलून पाहिलं आणि स्वतंत्र मत बनवण्याइतकं त्याचं वय नाही असं ठरवलं. ११ नोव्हेंबर १९८६ रोजी न्यायालयाने मुलाला आईच्या स्वाधीन केलं आणि तिला त्याला अमेरिकेत घेऊन जायची परवानगी दिली. आपल्या चुकीच्या कृत्याचा फायदा पालकाला मिळू नये, हे निकालामागचं सूत्र होतं.

त्या दहा महिन्यांत मुलाचं बिघडलं असेल ते बिघडलं असेलच. तरी करार नसतानाही आपल्या सर्वोच्च न्यायालयाने करारासारखा निकाल दिला, हे मी कौतुकाने सांगते. पण त्या आईकडे ताब्याचा हुकूम आधीपासून होता. तिचा देश तिच्या मागे होता, आणि समुद्र ओलांडून थेट दिल्लीत याचिका करण्याचं बळ तिला लाभलं. ज्या पालकाकडे यातलं काहीच नाही, त्याचं काय?

२००९च्या रवी चंद्रन खटल्यात तर मूल सापडायलाच दोन वर्षं गेली. २००७ मध्ये आई अमेरिकेतून मुलाला घेऊन आली आणि जागा बदलत राहिली. राज्यांचे पोलीस थकले, शेवटी सीबीआयने त्याला चेन्नईत शोधून काढलं. मूल शोधण्याची जबाबदारी कायद्याने कुणा एका कार्यालयावर नाही, म्हणून हे घडलं. बंदीप्रत्यक्षीकरणाच्या याचिकेत मूल हजर करा, असं न्यायालय म्हणू शकतं. ते कुठे आहे हे रोजच्या रोज शोधत बसणं न्यायालयाचं काम नाही.

यानंतर ३ जुलै २०१७चा नित्या आनंद राघवन खटल्याचा निकाल आला आणि आमच्या कामाचा पायाच बदलला. आई २०१५ मध्ये मुलीला इंग्लंडहून घेऊन आली होती. मुलीला हृदयाचा आजार होता आणि आईने छळाच्या तक्रारी केल्या होत्या. इंग्लंडच्या न्यायालयाने मुलीला परत आणण्याचा हुकूम दिला, दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो मानला, पण सर्वोच्च न्यायालयाने फिरवला. भारत करारात नाही, म्हणून परदेशी न्यायालयाचा हुकूम हा विचारात घ्यायच्या अनेक गोष्टींपैकी फक्त एक, आणि मुलाचं हित सर्वांत वर, असं न्यायालयाने म्हटलं. झटपट चौकशी करून परत पाठवायचं की सविस्तर चौकशी करायची, हे प्रत्येक न्यायालयाने त्या त्या प्रकरणात ठरवायचं. त्या मुलीच्या बाबतीत हा निकाल योग्य होता असं मलाही वाटतं. पण त्याची दुसरी बाजू मी रोज पाहते. मूल जितके दिवस इथे राहील तितकं ते इथलं होतं, नवी शाळा, नवी भाषा, आजी-आजोबा, मित्र. दोन वर्षांनी प्रकरण न्यायाधीशापुढे येतं तेव्हा ते रुजलेलं दिसतं आणि त्याला उपटणं क्रूर वाटतं. खटला लांबवणं हाच ज्याचा बचाव आहे, त्याला असा कायदा आपोआप मदत करतो. करारात यासाठी एक वर्षाची रेघ आहे. अर्ज वर्षाच्या आत झाला असेल तर मूल रुजलं हे कारण ऐकलं जात नाही. वर्षानंतर मात्र ऐकलं जातं.

त्यानंतरही वेगवेगळे निकाल येत राहिले. २०२०च्या जानेवारीत यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुलीला अमेरिकेत परत पाठवलं, आणि मूल दूर असलेल्या पालकाशी रोज व्हिडिओ कॉलवर बोलत राहावं, असंही सांगितलं. २०२२ मध्येही परत पाठवण्याचे निकाल झाले. म्हणजे कायदा एका बाजूला झुकलेला आहे असं म्हणता येत नाही. अडचण अशी की निकाल काय लागेल हे मी माझ्या पक्षकाराला सांगू शकत नाही. भिलाईत राहणारी आई बिलासपूरच्या उच्च न्यायालयात जाईल तेव्हा तिच्या पदरात काय पडेल ते मलाच माहीत नसतं. प्रकरण कोणत्या खंडपीठापुढे येतं यावर मुलाचं आयुष्य ठरावं, हे मला मान्य नाही.

दुसरी अडचण फौजदारी कायद्याची. पोलीस ठाण्यात गेलेल्या आईला सांगितलं जातं की बाप हा नैसर्गिक पालक आहे, त्याने स्वतःचं मूल नेलं तर अपहरण कसं होईल? कायद्याचा विचार करता ठाणेदार फारसा चुकत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही, न्यायालयाचा मनाई हुकूम नसताना बापावर स्वतःच्या मुलाच्या अपहरणाचा गुन्हा लावता येत नाही, असं म्हटलं. मुलाच्या पासपोर्टच्या अर्जावर सहसा दोघांची संमती लागते, पण एकदा पासपोर्ट हातात आला की दर वेळी देश सोडताना दुसऱ्या पालकाचं पत्र दाखवावं लागेल, असा सर्वांना लागू नियम आपल्याकडे नाही. तेवढ्यासाठी न्यायालयाचा हुकूम आणि लुकआउट सर्क्युलर लागतं, आणि ते हातात येईपर्यंत विमान निघून गेलेलं असतं.

आता दुसऱ्या घराकडे येते. खालचं उदाहरण मी रचलेलं आहे, कुणा एका कुटुंबाचं नाही, पण यातला प्रत्येक टप्पा कायद्यात आहे तसाच आहे. समजा भिलाईचं एक जोडपं आहे. मुलगा सहा वर्षांचा, इथेच जन्मलेला, इथल्याच शाळेत जाणारा. बापाला इंग्लंडमध्ये नोकरी लागते. घर बघून येतो असं सांगून तो मुलाला महिन्याभरासाठी नेतो आणि मग परत पाठवत नाही. भारत करारात असता, तर आईने दिल्लीतल्या केंद्रीय प्राधिकरणाला अर्ज केला असता. मुलगा भिलाईचाच रहिवासी होता हे दाखवायला शाळेचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, परतीचं तिकीट आणि नवऱ्याचे मेसेज पुरले असते. अर्ज लंडनच्या प्राधिकरणाकडे गेला असता आणि हेग करारातल्या अर्जदाराला मिळते तशी कायदेविषयक मदत तिला मिळाली असती. इंग्लंडमध्ये अशा अर्जदाराच्या उत्पन्नाची चौकशी होत नाही, खटल्यात दम आहे का हेही आधी तपासलं जात नाही. उच्च न्यायालयात काही महिन्यांत सुनावणी झाली असती. मुलगा भिलाईला परत आला असता आणि मग ताब्याचं काय ते दुर्गच्या न्यायालयाने ठरवलं असतं.

भारत करारात नाही, म्हणून तिला यातलं काहीच मिळत नाही. दुर्गचं न्यायालय पालक व पाल्य अधिनियम १८९०च्या नवव्या कलमाखाली, मूल इथलंच रहिवासी होतं म्हणून, अर्ज घेऊ शकेल. पण ताब्याचा हुकूम इंग्लंडमध्ये सरळ बजावता येत नाही. परदेशी हुकमांच्या अंमलबजावणीबद्दल दोन देशांत जी परस्पर व्यवस्था आहे, ती पैशांच्या हुकमांपुरती आहे. मग तिला लंडनमध्ये स्वतःच्या खर्चाने वकील करावा लागतो. तिथल्या न्यायालयात करारबाह्य देशाचं प्रकरण वेगळं चालतं. २००५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, सौदी अरेबियातून आलेल्या एका मुलाच्या प्रकरणात, स्पष्ट केलं की अशा वेळी कराराचे नियम लावायचे नाहीत, मुलाचं हित पाहायचं. म्हणजे आम्ही परदेशी पालकाला जे सांगतो, तेच तिकडचा न्यायाधीश आमच्या आईला सांगतो. आणि तोवर मुलगा तिथे रुजलेला असतो.

मंत्रीमहोदया, भारत करारात नाही त्यामुळे आपल्या मुली सुरक्षित आहेत, असं दिल्लीत म्हटलं जातं. मी हा युक्तिवाद फार गंभीरपणे घेते, कारण त्यात खरी भीती आहे. १९८० साली करार लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ताबा न मिळालेला बाप होता, मूल पळवून नेणारा. आज हेगच्या पाहणीत मूल नेणाऱ्यांत जवळपास तीन-चतुर्थांश आया दिसतात, आणि त्यांतल्या कित्येक मुलाचा रोजचा सांभाळ करणाऱ्या आहेत. नवऱ्याच्या मारहाणीतून, परक्या देशात, बँक खातं आणि पासपोर्ट दुसऱ्याच्या हाती असताना निघालेली बाई आईच्या घरी येते. तिला गुन्हेगार म्हणून परत ढकलणं हा न्याय नव्हे.

करारात तिच्यासाठी एक दार आहे, १३व्या कलमाच्या पहिल्या परिच्छेदातला ‘ब’ हा भाग. परत पाठवल्याने मुलाला शारीरिक किंवा मानसिक इजेचा गंभीर धोका असेल, किंवा ते असह्य परिस्थितीत सापडेल, तर न्यायालय नकार देऊ शकतं. पण ते दार अरुंद आहे. त्यात मुलाचा धोका लिहिला आहे, आईचा नाही. आईवरचा छळ पाहून मुलाला इजा होते हे न्यायालयांनी हळूहळू मान्य केलं, तरी प्रत्येक आईला ते पुन्हा सिद्ध करावं लागतं. आणि पुष्कळ वेळा न्यायालय म्हणतं, धोका आहे खरा, पण बापाने वेगळं घर देण्याची आणि जवळ न येण्याची हमी दिली आहे, तेव्हा मूल जाऊ दे. ती हमी तिकडे कोण पाळायला लावणार? २०२२च्या गोलन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एवढं तरी म्हटलं की गंभीर धोका आढळल्यावर बचावाचे सगळे मार्ग तपासूनच नकार द्यावा, असं बंधन न्यायालयावर नाही.

आमच्या मुलींसाठी याहूनही मोठी अडचण आहे आणि ती करारात कुठेच लिहिलेली नाही. अमेरिकेतली आपली मुलगी बहुतेक नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असते. घटस्फोट झाला की तो आधार जातो. परतीचा हुकूम मुलाला आहे, तिला नाही, म्हणजे मूल अमेरिकेत परत जायचं आणि आई भिलाईत. खटल्यापुरतं आत येऊ देण्याची ‘पॅरोल’ नावाची सोय तिथे आहे, पण ती अधिकाऱ्याच्या मर्जीवर. त्यातच १९९३च्या अमेरिकन कायद्याने दुसऱ्या पालकाचा हक्क डावलण्यासाठी मुलाला बाहेर नेणं हा फेडरल गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. विमानतळावर अटक होणाऱ्या आईला तिथे ताब्यासाठी न्यायालयात उभं कसं राहता येईल?

या सगळ्यावर उत्तर करारात न जाण्याचं नाही. जपानने वर्षानुवर्षं हाच विरोध केला आणि शेवटी १ एप्रिल २०१४ पासून करार लागू केला, पण आधी स्वतःचा कायदा करून. त्या कायद्यात गंभीर धोका ठरवताना न्यायालयाने काय पाहायचं ते लिहिलं आहे: मुलावर हिंसा होण्याचा धोका आहे का, दुसऱ्या पालकावर अशी हिंसा होईल का जिने मुलाच्या मनावर आघात होतो, आणि त्या देशात मुलाचा सांभाळ करणं एखाद्या पालकाला अवघड आहे का. कराराचा मजकूर त्यांनी बदलला नाही, बदलता येतही नाही, पण त्यातले शब्द कसे वाचायचे ते सांगितलं. आणि ही प्रकरणं फक्त टोकियो आणि ओसाकाच्या कौटुंबिक न्यायालयांकडे दिली, म्हणजे थोडे न्यायाधीश हे काम वारंवार करतील आणि त्यात तरबेज होतील. अंमलबजावणी सुरुवातीला कमजोर होती, मूल हातातून काढून घेण्याचे नियम त्यांना पुढे बदलावे लागले. त्या चुका आपल्याला आयत्याच अभ्यासायला मिळतात.

माझी मागणी अशी आहे की भारताने करारात सामील व्हावं आणि त्याच्याबरोबर कायदा करावा. त्या कायद्यात आईवरच्या छळाचा उल्लेख नावानिशी असावा, मुलाने स्वतः मार खाण्याची वाट न पाहता. परत पाठवण्याचा हुकूम अमलात येण्याआधी आईचा व्हिसा हातात असावा, तिच्यावरचं अटकेचं वॉरंट मागे घेतलेलं असावं, आणि तिच्या राहण्या-खाण्याची सोय बापाच्या शब्दावर नाही, तर तिथल्या न्यायालयाच्या तशाच हुकमावर टेकलेली असावी. तसा हुकूम तिथून निघाल्याशिवाय विमानाचं तिकीट काढलं जाऊ नये. प्रकरणं देशभरातल्या शेकडो न्यायालयांत न विखरता मोजक्या खंडपीठांकडे असावीत, आणि भिलाईच्या आईला तिथे प्रत्यक्ष जावं लागू नये म्हणून व्हिडिओवरून साक्ष घेता यावी. केंद्रीय प्राधिकरणाला मूल शोधण्यासाठी पोलिसांना थेट सांगता यावं, म्हणजे रवी चंद्रनसारखी दोन वर्षं जाणार नाहीत. आणि त्याच कायद्याने इथून बाहेर गेलेल्या मुलासाठी अर्ज करणाऱ्या पालकाचा पहिला कागद विनाखर्च तयार करून द्यावा. हे काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणालाही जमेल.

सही झाली की सगळं सुरू होईल, असं मात्र कुणी समजू नये. नंतर सामील होणाऱ्या देशाचा प्रवेश, ३८व्या कलमाप्रमाणे, फक्त त्या देशांशी लागू होतो जे तो स्वीकारतात. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा प्रत्येक देश आपापल्या वेळी स्वीकारेल, आणि आपला कायदा व आपलं प्राधिकरण चालतंय का हे पाहून स्वीकारेल. म्हणून सहीच्या आधी कार्यालय, माणसं आणि नियम तयार असावे लागतील, आणि हे काम आजपासून धरलं तरी काही वर्षं जातील.

त्याहून कठोर कलम ३५वं आहे. करार मागच्या प्रकरणांना लागू होत नाही. दोन देशांत तो अमलात आल्यानंतर नेलेलं किंवा अडकवलेलं मूलच त्यात बसतं. अंमलबजावणीच्या आदल्या दिवशी नेलेलं मूल बसत नाही. आज माझ्याकडे येऊन बसणाऱ्या आईला मी हे सांगते तेव्हा ती विचारते, मग अर्ज करून काय फायदा? मी तिला सांगते की बिलासपूरला याचिका करू, लंडनला वकील पाहू, व्हिडिओ कॉलचा हुकूम मागू, रोज दहा मिनिटं तरी आवाज ऐकू येईल. ती मान हलवते आणि मुलाच्या शाळेच्या वहीवरचं नाव मला दाखवते, त्याच्या हाताने लिहिलेलं. येत्या जूनमध्ये टाउनशिपमध्ये पुन्हा नातवंडं येतील, परतीची तिकिटं ऑगस्टची असतील, आणि त्यातलं कोणतं वापरलं जाणार नाही हे आज कुणालाच माहीत नाही.

आपली,
दुर्ग जिल्ह्यातली एक वकील
भिलाई, छत्तीसगड